बँड लावला तरी महिनाभर झोपूनच?

"मूळव्याध म्हणजे शेवटी कापावंच लागतं आणि मग महिनाभर बसता येत नाही, खरं का?"

नाही हो, आतल्या मूळव्याधीला बऱ्याचदा ओपीडीतच बँड लावतात, भूल न देता, काही मिनिटांत. आतला कोंब ओढून त्याच्या बुडाशी छोटं रबर बँड बसवतात, रक्तपुरवठा तुटतो आणि कोंब सुकतो. तिथे दुखण्याच्या नसा जवळपास नसतातच, म्हणून फक्त जड वाटतं, शौचाला आल्यासारखं होतं (कुंथू नका, तो बँडच असतो), ते एक-दोन दिवसांत कमी होतं. बँड लावतानाच जीवघेणी कळ आली तर लगेच सांगा, तो खाली बसलाय, काढावा लागतो.

आता लोक घाबरतात ते इथे: सोमवारी बँड, बुधवारी कामावर, आणि पुढच्या बुधवारी अचानक थोडं रक्त. फेल नाही गेलं, ५ ते १० दिवसांत सुकलेला कोंब बँडसकट गळतो तेव्हा असं होतं. पण रक्त थांबेना, ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा लघवी अडली तर तडक हॉस्पिटल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बहुतेक डॉक्टर बँडऐवजी इंजेक्शन सुचवतात, त्याने कोंब आक्रसतो, फक्त त्रास परत यायची शक्यता जास्त. बाहेरच्या कोंबांना मात्र बँड लावतच नाहीत, तिथे प्रचंड दुखतं.