राग ओकून टाकला की माणूस शांत होतो?

“नवरा बारीकसारीक गोष्टींवरून भडकतो. सगळे म्हणतात, बोलू दे, राग बाहेर पडला की शांत होईल. खरंय का?”

नाही. 2002 साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढला होता. काही न करता नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

समजा, ओला टॉवेल पलंगावर राहिला आणि आरडाओरडा सुरू झाला. त्या क्षणी खुलासे देऊ नका. छाती धडधडत असताना समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरतच नाही. हळू आवाजात एवढंच म्हणा, “मी आतल्या खोलीत जातेय, अर्ध्या तासाने बोलू.” शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. आणि ठरल्या वेळी नक्की परत या, नाहीतर ते अबोल्यासारखं वाटतं. ही पद्धत आधीच, दोघंही शांत असताना ठरवलेली बरी.

पण तो दार अडवत असेल, फोन हिसकावत असेल, वस्तू फेकत असेल, तर हा उपाय पुरणार नाही. तिथे वाद न घालता, स्वयंपाकघर टाळून बाहेरच्या दाराकडे सरका, घराबाहेर पडा आणि मदत मागा.