६/८ आणि ३/४ : गिटार आणि मेट्रोनोम घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दोन्हींच्या एका बारमध्ये सहा क्वेव्हर बसतात, त्यामुळे कागदावर हिशेब सारखाच दिसतो. फरक असतो गटांचा. ३/४ मध्ये दोन-दोनचे तीन गट पडतात, म्हणजे ठोके तीन. ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन गट, म्हणून ठोके दोनच, आणि प्रत्येक ठोका टिंबवाल्या क्रॉचेटएवढा लांब.

३/४ मोजताना ‘एक आणि दोन आणि तीन आणि’ म्हणा. ६/८ मध्ये सरळ एक ते सहा मोजा. ‘एक’वर पूर्ण जोर, ‘चार’वर त्याहून थोडा कमी, बाकी हलके. तबल्याचा कान असलेल्यांना दादरा आठवेल: धा धी ना, धा ती ना. टाळी एकवर, खाली चारवर. विभागणी तीच.

फरक अंगात उतरवायला मेट्रोनोम ९० वर लावून ३/४ चे काही बार मोजा. मग ६० वर आणा आणि प्रत्येक टिकमध्ये तीन अंक बसवा, म्हणजे ६/८ झालं. दोन्हीकडे क्वेव्हर मिनिटाला १८० आणि बार दोन सेकंदांचा. पायाचे ठोके मात्र तीनाचे दोन होतात. पाय बदलताना तोंडातले अंक धावू लागले किंवा रेंगाळले, तर अजून ठोका पक्का झालेला नाही.

‘मेट्रोनोम फारच हळू चालतोय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. कागदावर टिंबवाला क्रॉचेट ६० असं लिहिलेलं असतं, पण ६/८ निवडल्यावर बरेच मेट्रोनोम आणि ॲप टिक क्वेव्हरला देतात. मग दोन सेकंदांचा बार सहा सेकंद चालतो. अशा वेळी आकडा १८० करा. त्याहून बरं म्हणजे २/४ निवडून ६० ठेवा आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करणारी ट्रिपलेटची सोय चालू करा. सहाही टिक सारख्याच जोराने वाजल्या, तर दोनचा ठोका कानाला सापडत नाही.

गिटारवर गोंधळ उजव्या हाताचा. खाली-वर, खाली-वर हा सवयीचा हात ३/४ ला चपखल बसतो, कारण तिन्ही ठोके खालच्या फटक्यावर येतात. तोच हात ६/८ मध्ये चालवला की ‘चार’ वरच्या फटक्यावर जातो, तिथला जोर निसटतो आणि ऐकणाऱ्याला ३/४ च ऐकू येतं. म्हणून ‘खाली-वर-खाली, खाली-वर-खाली’ असं वाजवा. तीन आणि चार हे लागोपाठ दोन खालचे फटके सुरुवातीला अडखळतात. क्वेव्हर १२० पर्यंत उतरवून सराव करा.

संथ रचनांत, साधारण क्वेव्हर ८० च्या आसपास, दोन ठोके फार लांब पडतात. तिथे सहा मोजलेलेच बरे, फक्त चारवरचा जोर सोडू नका.