हजारी दर आणि लहान शाखेवरचा ठपका

«दर हजार खात्यांमागे तक्रारी काढल्या की तुलना न्याय्य झाली. मग ज्या शाखेचा दर जास्त, तिचं काम वाईट, बरोबर ना?»

पहिला अर्धा भाग ठीक, दुसरा नाही. समजा, पतसंस्थेच्या शहरातल्या शाखेत 24,000 खाती आणि वर्षात 96 तक्रारी, म्हणजे हजारी 4. खेड्यातल्या शाखेत 500 खाती, तक्रारी 4, म्हणजे हजारी 8. अहवालात खेडं दुप्पट वाईट दिसतं आणि तिथल्या व्यवस्थापकाला खुलासा मागितला जातो.

पण तिथे एक तक्रार वाढली की दर 2 ने उडी मारतो. शहरात तो 0.04 ने हलतो. खेड्याचाही खरा दर 4 च असेल, तर वर्षाला सरासरी 2 तक्रारी येतील. तरी निव्वळ योगायोगाने 4 किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण सातात एक आहे. अशा वीस लहान शाखा असतील तर दरवर्षी दोन-तीन जणांवर उगाच ठपका! विशेष म्हणजे यादीच्या तळाशीही, शून्य दर घेऊन, लहान शाखाच सापडतात.

म्हणून दराशेजारी तक्रारी आणि खाती हे मूळ आकडेही छापा. लहान शाखेची तीन वर्षं एकत्र करा: तक्रारी 4, 1, 1 आणि खाती दरवर्षी 500 असतील, तर 6 भागिले 1,500, म्हणजे हजारी 4. संस्थेचा दरही 4 आणि 8 ची सरासरी 6 असा काढू नका; 24,500 खात्यांमागे 100 तक्रारी, म्हणजे सुमारे 4.1.