समाजमाध्यमांवरील मजकुराचा संदर्भ

पोस्ट, धाग्यातील प्रतिसाद किंवा गटातील निरोप पुरावा म्हणून उद्धृत करताना तो कोणी, कधी आणि कोणत्या रूपात लिहिला हे पडताळता येईल अशी केलेली नोंद. अशा नोंदीत हँडल, मजकूर, दिनांक, मूळ दुवा आणि जतनप्रतीचा दुवा असतो. छापील पुस्तकाचे पान जागचे हलत नाही. पोस्ट मात्र पुसली जाते आणि हँडलही बदलते. म्हणून जतनप्रत ही संदर्भाची शोभा नसून त्याचा अर्धा भाग आहे.

सर्वाधिक चुका दिनांकात होतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर हमखास. ८ जुलै २०२४ रोजी पहाटे १ ते सकाळी ७ या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली. त्या रात्री अडकलेल्या एखाद्या प्रवाशाने पहाटे सव्वादोनला एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) लिहिले, असे धरू: `Kurla la track var paani, local thambli ahe`. हँडल `@amuk_pravasi` (काल्पनिक). एक्स वेळ दाखवते ती पाहणाऱ्याच्या उपकरणातील वेळक्षेत्राप्रमाणे. दादरला बसून पाहिले तर ८ जुलै, लंडनहून पाहिले तर ७ जुलै. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या (UTC) साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतील प्रत्येक पोस्टचा दिनांक असा दुभंगतो. संदर्भात दिनांकासोबत ‘भारतीय वेळ’ लिहिणे हाच त्यावर उपाय.

शंका आल्यास पोस्टच्या दुव्यातील क्रमांकातूनच वेळ काढता येते. नोव्हेंबर २०१० पासून ट्विटरचे क्रमांक वेळेवरून बनतात: क्रमांक २२ बिट उजवीकडे सरकवायचा आणि त्यात 1288834974657 मिळवायचे, की पोस्टची वेळ मिलिसेकंदांत मिळते. आपल्या उदाहरणातील क्रमांक लिनक्सवर असा तपासता येतो:

```
s=$(( ((1810052416926646272 >> 22) + 1288834974657) / 1000 ))
TZ=Asia/Kolkata date -d @$s
```

उत्तर येते ८ जुलै २०२४, २:१५:००. एखाद्या स्क्रीनशॉटवर सायंकाळची वेळ असेल आणि क्रमांक पहाटेची सांगत असेल, तर आधी वेळक्षेत्र तपासावे. तेही जुळले नाही तर स्क्रीनशॉटवर विसंबू नये.

हाच क्रमांक दुसरा सापळाही उघड करतो. एक्सच्या दुव्यात हँडलच्या जागी काहीही लिहिले तरी पोस्ट क्रमांकानेच उघडते. त्यामुळे दुव्यातील नाव हा लेखकत्वाचा पुरावा नव्हे. पान उघडल्यावर दिसणारे हँडल टिपावे. प्रदर्शित नाव कोणालाही कधीही बदलता येते, म्हणून ते हँडलसोबत द्यावे, हँडलऐवजी नाही.

जतनासाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘Save Page Now’ वापरतात. सकाळी ९:४० ला घेतलेल्या प्रतीचा दुवा `https://web.archive.org/web/20240708041000/` असा सुरू होतो. ते १४ अंक UTC मधील आहेत, म्हणजे ०४:१०. पोस्टची भारतीय वेळ आणि प्रतीची UTC वेळ शेजारी ठेवली की घाईतल्या वाचकाला वाटते, दोघांत दोन तासांचेच अंतर. प्रत्यक्षात सात तास पंचवीस मिनिटे गेलेली असतात.

प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि पुष्कळदा एक्सही जतनयंत्राला लॉगिनचे पान दाखवते, आणि ‘यशस्वी’ असा शेरा मिळूनही प्रतीत मजकूर नसतो. ती खासगी विंडोत उघडून पोस्टचे शब्द दिसतात का ते पाहावे. नसल्यास archive.today वर प्रयत्न करावा. तेथेही जमले नाही तर पत्ता आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जपून तसे नमूद करावे.

एपीए पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत पोस्टचे पहिले २० शब्द शीर्षक म्हणून देतात. आपली नोंद अशी होईल:

> अमुक प्रवासी [@amuk_pravasi]. (२०२४, ८ जुलै, २:१५ भारतीय वेळ). Kurla la track var paani, local thambli ahe [पोस्ट]. एक्स. मूळ दुवा. जतनप्रत: ८ जुलै २०२४, ०४:१० UTC, दुवा.

वेळ आणि जतनप्रत ही येथील भर आहे. रोमन लिपीतले मराठी देवनागरीत आणू नये, शुद्धलेखनही सुधारू नये. शोधणारा तेच शब्द टंकणार असतो.

चर्चास्थळांवर धाग्याचे नाव पुरत नाही, नेमक्या प्रतिसादाचा दुवा लागतो. ‘पान ७’ असा निर्देश कुचकामी, कारण एका पानावर किती प्रतिसाद दिसतात हे वाचकाच्या सेटिंगवर ठरू शकते.

व्हॉट्सॲपवरील सोसायटीच्या गटातला निरोप वेगळ्या जातीचा. त्याला सार्वजनिक दुवा नाही, म्हणून एपीए त्याला वैयक्तिक संप्रेषण मानते: उल्लेख मजकुरात, संदर्भसूचीत नाही. निर्यात केलेल्या `.txt` धारिकेतील वेळ त्या फोनच्या घड्याळाची असते आणि दिनांकाची मांडणी फोनच्या सेटिंगनुसार बदलते. `7/8/24` हे ७ ऑगस्टही असू शकते, ८ जुलैही. त्याच धारिकेत १२ च्या पुढचा दिवस शोधला की क्रम उलगडतो. पुढे ढकललेल्या निरोपात मूळ लेखक दिसत नाही, तेव्हा गटात तो टाकणाऱ्याला लेखक ठरवू नये; ‘गटात प्राप्त, मूळ अज्ञात’ असे लिहावे, आणि दूरध्वनी क्रमांक झाकावेत.