स्नेक प्लांट गिफ्ट देताय? मग पाण्याचं पण सांगा

वाढदिवस जवळ आला की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच, "रात्री ऑक्सिजन देणारं झाड, बेडरूममध्ये ठेवा". सोबत स्नेक प्लांटचा फोटो. झाड गिफ्टला मस्तच आहे, पण कारण चुकीचं आहे. आणि खरं कारण माहीत नसल्यामुळे मी दिलेलं झाड माझ्या मावशीने डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दीड महिन्यात मारलं, म्हणून हे लिहितोय.

शाळेत शिकलोय की पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण दार उघडलं की आतली वाफही बाहेर जाते. बहुतेक झाडं हा तोटा सहन करतात, दिवसभर दारं उघडी. स्नेक प्लांटचं मूळ पश्चिम आफ्रिकेत, तिथे कोरडे महिने काढायचे तर ही उधळपट्टी परवडत नाही, म्हणून ते उलटं करतं. रंध्रं उघडतात मुख्यतः रात्री, गारव्यात, तेव्हा वाफ कमी जाते. पण रात्री ऊन नाही, मग आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय? तर झाड त्याचं मॅलिक आम्ल बनवून पेशींमधल्या पाण्याच्या पिशवीत साठवतं, कच्च्या कैरीत असतं ना, तेच आम्ल. सकाळी रंध्रं बंद करायची, साठ्यातून कार्बन डायऑक्साइड परत काढायचा आणि उन्हात त्याची साखर करायची. ऑक्सिजन तयार होतो तो या टप्प्यात, म्हणजे दिवसा, कारण त्याला प्रकाश लागतोच. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड आत घेतं एवढंच खरं, "घेतं"चं "ऑक्सिजन देतं" कधी झालं देव जाणे.

गंमत म्हणजे या प्रकाराची एक फार जुनी नोंद भारतातलीच आहे. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने आपल्या पानफुटीची पानं चाखली, सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी जरा कडवट. 1815 मध्ये ते लंडनला छापून आलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा संपत जातं, हे त्याला जिभेवर कळलं होतं. (स्नेक प्लांटवर हा प्रयोग करू नका, त्यात सॅपोनिन नावाची विषारी द्रव्यं असतात. घरात मांजर असेल तर कुंडी वर ठेवा.)

आता मुद्दा. 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला साधं झाड साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी उडवतं, या पद्धतीची झाडं 50 ते 100 ग्रॅम. म्हणजे झाड कुंडीतून पाणी खेचतच नाही फारसं. तुम्ही रोज ओतलं तर ते मातीत बसून राहतं, मातीतल्या हवेच्या जागा भरतात, मुळांना श्वास मिळत नाही आणि ती सडतात. मावशीचं झाड जूनच्या शेवटी दिलेलं, पावसाळ्यातली दमट हवा, त्यात ती रोज पूजेनंतर तांब्याभर पाणी घालायची आणि माझी चूक म्हणजे कुंडी चकचकीत सिरॅमिकची, तळाला भोकच नाही! ऑगस्टमध्ये पानं बुडाशी पिवळी, मऊ, आणि उपटली तर घाण वास. मावशी म्हणाली, "अरे, सुकलंय वाटून मी अजून घातलं." खरं तर तहानलेल्या पानावर उभ्या सुरकुत्या पडतात, बूड मऊ पडत नाही, हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

म्हणून आता मी देतो ती कुंडी मातीची, भोक असलेली, सहा इंची. निम्मी माती, निम्मं जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्यात तीन आठवड्यांनी सुद्धा चालतं. अंधाऱ्या कोपऱ्यात जगतं, पण वाढ मंदावते आणि पाणी अजूनच कमी लागतं, खिडकी बरी. बाल्कनीत थेट ऊन असेल तर जेड द्या, तेही याच पद्धतीचं. मनी प्लांट मात्र साध्या पद्धतीचं, त्याला पाणी जास्त लागतं, आणि पैसे त्यानेही येत नाहीत.

हवा शुद्ध करण्याचं काय? नासाचा 1989 चा प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये जुने प्रयोग पुन्हा तपासले तेव्हा निघालं की खिडकी-दारांतून होते तेवढी हवा साफ करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. मग माणसं झोपणार कुठे?

मावशीच्या कुंडीतलं एक पान वरून चांगलं होतं. ते कापून दोन दिवस सावलीत सुकवलं आणि कोरड्या वाळूत खोचलं, दोन महिन्यांनी मुळं आली. नवीन कोंब मात्र नुसता हिरवा निघाला, कडेची पिवळी पट्टी गायब. तसंच होतं, ती पट्टी पानाच्या तुकड्यातून पुढे जात नाही, पट्टी हवी तर जमिनीखालचा गड्डा कोंबासकट तोडून लावायला लागतो. मावशीला हिरवंच आवडलंय.