मुद्रितशोधनाचे किती घ्याल? – दर विचारण्याआधी एवढे वाचा

आम्हाला रोज येणारा प्रश्न असा असतो: "१२० पानांचं पुस्तक आहे, प्रूफ रीडिंगचे किती घ्याल? फाईल नंतर पाठवते." मजकूर पाहिल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. हा आडमुठेपणा वाटू नये, म्हणून या पत्रकात त्यामागचे एक खरे काम सांगतो.

वरचा प्रश्न वडिलांच्या आठवणींच्या पुस्तकाबद्दल होता. १२० पाने म्हणजे छापील डेमी आकाराची, असे धरून आम्ही मनाशी पानाला २७० शब्द मोजले. ते साधारण ३२ हजार होतात. फाईल आली तेव्हा ती वर्डमधली ए-फोर पाने निघाली, बारीक अक्षरात, ओळीला ओळ लागून. शब्द भरले ५२ हजार! हेच पुस्तक डेमीत १९० पानांवर जाते. आम्ही फोनवर आकडा सांगून टाकला असता, तर पुढे एका बाजूला वाईट वाटलेच असते. म्हणून पाने सांगू नका, शब्द सांगा. वर्डमध्ये फाईल उघडली की खाली डावीकडे ते दिसतात.

शब्दसंख्येनेही सगळे कळत नाही. आम्ही त्यांना मधली कुठलीही चार पाने मागितली. मधलीच का? पहिले प्रकरण लेखक दहा वेळा वाचतो, घरचेही वाचतात; ते बहुतेक स्वच्छच असते. खरी अवस्था शंभराव्या पानावर कळते.

त्या चार पानांत गावजेवणाचा प्रसंग होता आणि तिथे वाक्य होते, 'आचार्यांनी मोठमोठ्या कढया चुलीवर चढवल्या.' गावात एवढे विद्वान एकदम स्वयंपाकाला कसे लागले, असे क्षणभर वाटले. हवे होते 'आचाऱ्यांनी'. पुढच्याच पानावर सह्याद्रीतल्या 'दऱ्या' जाऊन 'दर्या' आला होता. एवढ्यावरून कळले की मजकूर आधी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाला होता आणि मग रूपांतरित केला होता. अशा रूपांतरात 'ऱ्य'चा 'र्य' होऊ शकतो, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. यातली गोम अशी की 'आचार्य' आणि 'दर्या' हे दोन्ही खरे शब्द आहेत. शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. ते डोळ्यांनीच शोधावे लागतात आणि वाचनाचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून मजकूर मुळात कशात टाइप झाला होता, हे आवर्जून कळवा. जुनी फाईल असेल तर तीही द्या. हस्तलिखित असेल तर त्याचे फोटो द्या, कारण शंका आली की मूळ प्रतच बघावी लागते.

दुसरा पेच लेखनाचा होता. वडिलांच्या १९५८ च्या वहीत 'नाहीं', 'कांहीं', 'त्यांनीं' असे होते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम त्यानंतरचे: १९६२ साली चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्या नियमांनी गेले. मुलीने टाइप करताना अर्धी वही नव्या पद्धतीने लिहिली, अर्धी तशीच ठेवली. यात चूक कुठली आणि वडिलांची लेखनशैली कुठली, हे मुद्रितशोधकाने परस्पर ठरवायचे नसते. मुलीने ठरवले की निवेदन आजच्या नियमांनी जाईल आणि पुस्तकातली पत्रे अनुस्वारांसकट जशीच्या तशी राहतील. 'केले' की 'केलं', हेही असेच आधी ठरवून द्यावे लागते. नाहीतर आम्ही एकीकडून सुधारत जातो आणि लेखक दुसरीकडून परत फिरवत येतो.

व्यक्तींची, गावांची नावे वेगळ्या यादीत लिहून द्या. तुमच्या आत्याबाई 'सुशिला' लिहीत की 'सुशीला', हे नियम सांगू शकत नाहीत.

काम कुठल्या टप्प्यावर आहे तेही सांगा. वाक्ये अजून बदलायची असतील तर तुम्हाला संपादन हवे आहे. ते काम वेगळे आणि त्याचा दरही वेगळा. पानांची मांडणी झाली असेल तर आम्ही पीडीएफवर खुणा करतो, दुरुस्त्या डीटीपीवाले करतात आणि त्या नीट झाल्या का हे पाहायला दुसरे प्रूफ लागतेच. त्याचे दिवस छपाईच्या तारखेतून आधीच वजा करा. वरच्या पुस्तकाला तासाला सुमारे १२०० शब्द या वेगाने, रोज पाच तास बसून, पहिल्या वाचनालाच नऊ दिवस लागले.

मजकूर बाहेर जाऊ नये अशी काळजी असेल तर नावे झाकून चारच पाने पाठवा. दर आणि तारीख सांगायला तेवढी पुरतात. लग्नपत्रिका मात्र पूर्णच पाठवा, तिच्यात झाकण्यासारखे काही उरतच नाही.