सोया आणि ओट ड्रिंकमध्ये कॅल्शियम आलं कुठून?

नागपुरात धरमपेठ किंवा सदरच्या मोठ्या दुकानात सोया ड्रिंक आणि ओट ड्रिंकचे खोके एकाच फळीवर असतात. त्यातल्या बऱ्याच खोक्यांवर १०० मिलीमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लिहिलेलं असतं. हा आकडा मुळात गाईच्या दुधाचा आहे. सोयाबीनमधून किंवा ओटमधून तो येत नाही, कारखान्यात भुकटी घालून तिथवर नेला जातो. ही भुकटी का घालावी लागली आणि ती घालताना काय अडचण आली, हे कळलं की मुलासाठी खोका निवडणं सोपं जातं.

सोयाचं पेय चीनमध्ये शतकानुशतकं आहे, पण तिथे ते दुधाची जागा घेणारं पेय नव्हतं. न्याहारीला प्यायचं, नाहीतर टोफू करायचा. दुधाला पर्याय म्हणून त्याचा कारखाना काढण्याचा प्रयत्न चीनमधून आलेल्या ली युयिंग यांनी १९१० च्या सुमारास पॅरिसजवळ केला. तेव्हा सगळा भर प्रथिनांवर होता आणि त्यात तथ्यही होतं. सोयातली प्रथिनं दुधाच्या जवळपास जातात, फक्त दाणा नीट शिजायला हवा. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑसबोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये दाखवलं होतं. कच्च्या दाण्यातला एक घटक आपल्या पोटातलं प्रथिन पचवणारं ट्रिप्सिन अडवतो, आणि उष्णतेने तो निकामी होतो. दुसरी अडचण कच्चट वासाची होती. भिजवलेला दाणा थंड पाण्यात वाटला की एक एन्झाइम दाण्यातल्या तेलावर काम करतं आणि तो वास येतो. दाणा ८० अंशांच्या वरच्या पाण्यात वाटायचा, हा उपाय १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निघाला.

कॅल्शियमचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण २०० ते २७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तेवढ्या दाण्यांचं जवळपास ९०० मिली दूध होतं. सगळं कॅल्शियम पाण्यात उतरलं असं धरलं तरी १०० मिलीमागे २२ ते ३० मिलिग्रॅमच पडतात. प्रत्यक्षात त्यातलंही काही चोथ्यात राहतं. कळमन्याच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, म्हणून विदर्भात घरी सोया दूध काढणं सहज आणि स्वस्त आहे. पण त्या दुधातून प्रथिनंच मिळतात, कॅल्शियमसाठी त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मग त्यात कॅल्शियम मिसळून का टाकू नये? मिसळता येतं, पण पाण्यात थोडाफार विरघळणारा क्षार घातला तरी सोया दूध फाटतं. टोफू करतात तो असाच, कॅल्शियम सल्फेट घालून. म्हणून कारखान्यांनी पाण्यात जवळजवळ न विरघळणारे क्षार निवडले: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट. दूध फाटायचं थांबलं, पण भुकटी तळाशी बसू लागली. गाईच्या दुधात असं होत नाही, कारण त्यातलं सुमारे दोन तृतीयांश कॅल्शियम केसिन प्रथिनाच्या सूक्ष्म गोळ्यांत अडकलेलं असतं आणि ते गोळे दुधात तरंगत राहतात.

अमेरिकेत ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठातल्या रॉबर्ट हीनी यांच्या गटाने २००० मध्ये पुरुषांवर चाचणी केली. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या सोया ड्रिंकमधलं कॅल्शियम गाईच्या दुधातल्या कॅल्शियमच्या ७५ टक्केच शोषलं गेलं. २००५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं सोया ड्रिंक दुधाच्या बरोबरीला आलं. दोन्ही चाचण्या मोठ्यांवर झाल्या होत्या, त्यामुळे त्यातले टक्के लहान मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. तरी निवड करायची असेल तर घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट किंवा त्याचा क्रमांक आयएनएस १७० असलेला खोका घ्यावा. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आयएनएस ३४१ या क्रमांकाखाली येतं. दोन्ही नसतील आणि कॅल्शियम घातल्याचा दुसरा काही उल्लेखही नसेल, तर ते पेय फोर्टिफाइड नाही असं समजावं. 'ऑर्गॅनिक' लिहिलेल्या युरोपीय खोक्यांत वरून घातलेलं कॅल्शियम बहुधा नसतंच. आणि खोका प्रत्येक वेळी ओतण्याआधी जोरात हलवावा. रिकामा झालेला खोका कापून पाहिल्यावर तळाशी पांढरा चिकट थर दिसला, तर मुलाच्या वाट्याचं कॅल्शियम तिथेच राहिलं आहे.

ओट ड्रिंक त्या मानाने अगदी अलीकडचं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले रिकार्ड ओस्टे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार केलं. ओटचं पीठ पाण्यात उकळलं की खळ होते. त्यांनी एन्झाइमने त्यातला स्टार्च तोडून माल्टोज साखर केली, म्हणून पेय पातळ राहतं आणि साखर न घालताही गोड लागतं. पण पेयात ओट असतो दहाएक टक्केच. त्यामुळे प्रथिनं १०० मिलीमागे साधारण १ ग्रॅम, आणि त्यातही लायसिन हा शरीराला लागणारा प्रथिनांचा घटक कमी. कॅल्शियम वरून घालून आकडा दुधाइतका करतात, प्रथिनं मात्र बहुतेक खोक्यांत आहे तेवढीच राहतात.

पाच वर्षांचं मूल धरू. गाईच्या दुधाची अॅलर्जी निघाल्यामुळे त्याचं दिवसाचं ४०० मिली दूध बंद झालं. त्या दुधातून त्याला सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३ ग्रॅम प्रथिनं मिळत होती. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तेवढंच फोर्टिफाइड सोया ड्रिंक दिलं तर ४८० मिलिग्रॅम आणि १२ ते १३ ग्रॅम मिळतील, म्हणजे अदलाबदल जमली. ओट ड्रिंकमधून कॅल्शियम तेवढंच, प्रथिनं ४ ग्रॅम. घरच्या सोया दुधातून प्रथिनं १२ ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम १०० मिलिग्रॅम. मूल वरण, उसळ, अंडी नीट खात असेल तर ओट ड्रिंकमुळे पडणारी ९ ग्रॅमची तूट जेवणातून भरते. पोळी-साखर आणि दूध यांवरच दिवस काढणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती भरत नाही. (कारण अॅलर्जी नसून फक्त लॅक्टोज न पचणं असेल, तर दही बहुतेकदा चालतं आणि हा सगळा खटाटोप टळतो. अॅलर्जीत मात्र दहीही नको, आणि सोयाचीही अॅलर्जी नाही ना हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्यावं.)

हा फरक किती महागात पडतो, ते २००१ मध्ये अटलांटाच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या दोन बालकांवरून दिसलं. एकाला मुख्यतः तांदळाच्या पेयावर ठेवलं होतं, त्याला क्वाशिओरकर म्हणजे प्रथिनांच्या अभावाचं कुपोषण झालं. दुसरं फोर्टिफाइड नसलेल्या सोया पेयावर होतं, त्याला मुडदूस झाला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोग आणि आहार क्षेत्रातल्या संस्थांनी एकत्र शिफारस केली: १ ते ५ वर्षांच्या मुलांना दुधाऐवजी केवळ वनस्पतींची पेयं देऊ नयेत, अॅलर्जी वगैरे कारण असेल तर फोर्टिफाइड सोया चालेल. भारतात अशा पेयांच्या खोक्यावर 'दूध' लिहिता येत नाही. २०२१ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांनाही तशी नावं लावलेली उत्पादनं काढायला सांगितली. पण नावातून दूध गेलं तरी आत कॅल्शियम किती आहे, हे मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही.

घरी सोया दूध करायचंच असेल तर १०० ग्रॅम दाणे भिजवून साली चोळून काढाव्या, उकळत्या पाण्यात वाटून गाळावं आणि ते दूध सतत ढवळत पंधरा-वीस मिनिटं उकळावं. पहिला फेस वर आला की झालं असं वाटतं, पण तो नुसता फेस असतो आणि दूध अजून कच्चंच असतं. नागपूरच्या मे महिन्यात दाणे रात्रभर बाहेर भिजवले तर आंबतात, म्हणून ते फ्रिजमध्ये भिजवावेत. कॅल्शियमसाठी सोबत नाचणी द्यावी, १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. तिळात आकडा फार मोठा दिसतो, पण सालीतल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं बरंचसं शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळी कुटून या दुधात घालू नये. विरघळणारा क्षार असेल तर दूध फाटेल, न विरघळणारा असेल तर भुकटी पेल्याच्या तळाशी राहील. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यातलं काहीच चालत नाही, घरचं सोया दूध नाही आणि खोक्यातलं ओट ड्रिंकही नाही. तिथे डॉक्टरांनी सांगितलेला फॉर्म्युलाच लागतो.